‘पेक्षा 8 ने जास्त’ : शाब्दिक उदाहरणात मूल नेमकं कुठे अडतं?

पाटीपेन्सिल
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. परवा फळ्यावर हे उदाहरण घातलं:

मीनाकडे 35 चिंचोके आहेत. ते सलीमच्या चिंचोक्यांपेक्षा 8 ने जास्त आहेत. सलीमकडे किती चिंचोके आहेत?

निम्म्याहून जास्त वह्यांमध्ये उत्तर 43 आलं. याच मुलांना नुसतं 35 − 8 दिलं, तर दशक सुटा करून ती 27 बरोबर काढतात. ‘सलीमकडे मीनापेक्षा 8 ने कमी आहेत’ असं लिहून दिलं तरीही 27 येतं. म्हणजे वजाबाकी येते, आणि तुलनाही अगदीच कळत नाही असं नाही. अडतं ते त्या मधल्या एका वाक्यात. म्हणून हा प्रश्न इथे विचारते आहे. ‘पेक्षा’ आणि ‘ने’ या शब्दांचा अर्थ तुम्ही मुलांना कसा सांगता? त्यांच्या घरी असं कुणी बोलत नाही.

रानवारा
ताई, मी शिकवणी घेतो. भिंतीवर तक्ताच लावला आहे. एकूण, मिळून, जास्त आलं की बेरीज. उरले, शिल्लक, कमी आलं की वजाबाकी. प्रत्येकी दिसलं की गुणाकार, समान वाटले की भागाकार. मुलं आधी घाबरून उदाहरण सोडूनच द्यायची, आता निदान मांडायला लागतात. शब्द ओळखता आला की गणित सुटतं, असा माझा अनुभव आहे.

चिंचेचं झाड
माझ्या मते पाया कच्चा राहतो. आमच्या वेळी तीसपर्यंत पाढे आणि पावकी-निमकी रोज संध्याकाळी म्हणून घ्यायचे. माझ्या नातवाला चौथीत अजून तेराचा पाढा अडखळतो. पाढे पक्के करून घ्या, उदाहरणं आपोआप येतील.

पाटीपेन्सिल
आजोबा, पाढ्यांचं पटतं, पण इथे अडचण ती नाही. 43 लिहिणाऱ्या मुलांनी 35 आणि 8 ची बेरीज अगदी अचूक केली आहे. नको होती ती बेरीज त्यांनी बरोबर केली, एवढंच.

कोयनाकाठ
मी बरीच वर्षं शिक्षकांची प्रशिक्षणं घेतली, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

रानवारादादा, तुमच्या तक्त्यात ‘जास्त म्हणजे बेरीज’ आहे आणि 43 त्यातूनच येतं. आता ‘24 लाडू 6 मुलांना सारखे वाटले, तर प्रत्येकी किती?’ हे तक्त्यावर चालवून बघा. ‘प्रत्येकी’ धरला तर गुणाकार, ‘वाटले’ धरला तर भागाकार. ‘दोन टोपल्यांत एकूण 50 आंबे आहेत, एकीत 30, तर दुसरीत किती?’ इथे ‘एकूण’ पाहून मूल 80 लिहितं. तक्ता चालतो असं वाटतं, कारण बेरजेच्या धड्याखाली बहुतेक बेरजेचीच उदाहरणं असतात. तिथे न वाचताही उत्तर बरोबर येतं. मुलं घाबरायची थांबली हे तुमचं म्हणणं खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्यांना वाचायचं टाळायची वाटही सापडली.

आता ‘पेक्षा’. हा शब्द संस्कृत ‘अपेक्षा’वरून आला. तिथे त्याचा एक अर्थ ‘कशाच्या तरी संदर्भाने पाहणं’ असा आहे. म्हणजे ‘सलीमपेक्षा’ याचा अर्थ सलीमकडे बघून मोजायचं. ज्याच्या नावाला ‘पेक्षा’ चिकटला, तो मोजणीचा आरंभ. ‘8 ने’ म्हणजे तिथून किती अंतर, आणि ‘जास्त’ म्हणजे कोणत्या बाजूला. मराठीत शब्दांची जागा बदलते: ‘सलीमपेक्षा मीनाकडे जास्त’ म्हणा नाहीतर ‘मीनाकडे सलीमपेक्षा जास्त’, अर्थ तोच. त्यामुळे पहिलं नाव कुणाचं हे पाहून काही कळत नाही. सगळा भार त्या प्रत्ययासारख्या शब्दावर आहे, आणि मूल नेमकं तोच गिळतं.

बाई, एक करून बघा. 43 लिहिणाऱ्या मुलाला जवळ बसवा आणि उत्तर चूक आहे हे सांगू नका. ऑस्ट्रेलियात न्यूमन नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 1977 च्या सुमारास यासाठी साधी प्रश्नमालिका केली होती. आधी मोठ्याने वाचायला सांगायचं. मग काय विचारलंय ते त्याच्या शब्दांत, मग कसं करणार ते, मग करून दाखवायचं आणि शेवटी उत्तर लिहायचं. मूल ज्या पायरीवर थांबेल, तिथे अडचण. तुमच्या उदाहरणासाठी मी मध्ये आणखी एक प्रश्न घालीन: ‘जास्त चिंचोके कुणाकडे आहेत?’

बाजारकर
आमचा भाजीचा गाडा आहे. पोरगा पाचवीत, शनिवारी-रविवारी माझ्यासोबत उभा राहतो. 65 ची भाजी झाली, गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली, की हा 35 हातावर ठेवतो, कधी चुकलेला नाही. शाळेत मात्र ‘किमतीपेक्षा दिलेली रक्कम कितीने जास्त’ असं आलं की वही कोरी. मास्तर म्हणतात डोकं चालत नाही. डोकं चालत नसतं तर माझा गाडा बुडाला असता.

कोयनाकाठ
दादा, त्याचं डोकं उत्तम चालतं. गाड्यावर त्याला ‘पेक्षा’ लागतच नाही, ‘परत किती द्यायचे’ एवढंच लागतं. वजाबाकी तीच, पण विचारणं वेगळं.

हडसन यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग याच गोष्टीवर होता. मुलांना चित्रात काही पक्षी आणि त्याहून कमी अळ्या दाखवल्या. ‘अळ्यांपेक्षा पक्षी कितीने जास्त?’ याचं बरोबर उत्तर पहिलीच्या 64 टक्के मुलांना देता आलं. मग विचारलं, ‘प्रत्येक पक्षी एक अळी पकडायला धावला, तर किती पक्ष्यांना अळी मिळणार नाही?’ त्याच वर्गातल्या शंभर टक्के मुलांनी बरोबर सांगितलं. चित्र तेच आणि आकडे तेच होते. तो प्रयोग इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर झाला, म्हणजे घोटाळा फक्त आपल्या मराठीचा नाही.

पाटीपेन्सिल
कोयनाकाठ सर, तुमचं ऐकून आज मधल्या सुट्टीत चार मुलांना एकेक करून बोलावलं. वाचन सगळ्यांना आलं, ‘सलीमकडे किती ते काढायचंय’ हेही सगळ्यांनी सांगितलं. नंतर मात्र दोन तऱ्हा झाल्या, आणि हे मला आजपर्यंत माहीत नव्हतं.

एका मुलीशी असं बोलणं झालं:

‘जास्त कुणाकडे आहेत गं?’
‘मीनाकडे.’
‘मग सलीमकडे 43 कसे?’
‘बाई, जास्त लिहिलंय ना, म्हणून अधिक केलं.’

थोडा वेळ ती वहीकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘असं केलं तर सलीमकडेच जास्त होतात.’ आणि स्वतःच 27 लिहिलं.

दुसऱ्या मुलाने मात्र ठामपणे सांगितलं, ‘जास्त सलीमकडे.’ वाक्य पुन्हा वाचायला लावलं, तर वाचताना ‘ते’ हा शब्द तो जवळजवळ गिळतच होता. त्याच्या कानावर ‘सलीम… 8 ने जास्त’ एवढंच पडत होतं. त्याने लावलेला अर्थ धरला तर 43 बरोबरच आहे!

म्हणजे 43 हे एकच उत्तर, पण चुका दोन. मी इतकी वर्षं दोघांनाही ‘नीट वाचा’ एवढंच सांगत आले.

कोयनाकाठ
अगदी हेच. पहिलीला तक्त्याची सवय सोडवायची आहे, दुसऱ्याला वाक्य उलगडून द्यायचं आहे. दुसऱ्यासाठी ‘ते’ काढून ‘मीनाचे चिंचोके’ असं पूर्ण लिहा, मग बघा.

नंतर पट्ट्या काढून घ्या. एकाखाली एक दोन पट्ट्या, डावी टोकं एका रेषेत. पहिली पट्टी ‘पेक्षा’वाल्याची, म्हणजे सलीमची. तिची लांबी माहीत नाही, म्हणून आत प्रश्नचिन्ह. खाली मीनाची पट्टी, तेवढीच आणि वर 8 चा तुकडा. त्या सबंध पट्टीवर 35. खरी अडचण इथेच येते: आकडा नसलेली पट्टी आधी काढायला मुलं धजत नाहीत. 35 हा पहिला दिसलेला आकडा ती सलीमच्या पट्टीवर लिहून टाकतात. तसं झालं तर गणित पुढे नेऊ नका, वाक्याकडे परत या.

एक सांभाळा. पट्टी काढणं हाही एक तक्ताच होऊन बसतो. आठवड्याभरात मुलं न वाचता दोन पट्ट्या काढतात आणि मोठी-लहान काहीही ठरवतात. म्हणून बेरीज-वजाबाकीची उदाहरणं मिसळून द्या, आणि अधूनमधून पट्टी लागणारच नाही असंही घाला.

रानवारा
तक्त्यातून ‘जास्त’ आणि ‘कमी’ काढले. ‘प्रत्येकी’पण काढतो. पण एक सांगा, स्कॉलरशिपच्या परीक्षेत मुलाला पट्ट्या काढायला वेळ कुठे असतो?

कोयनाकाठ
तिथे पट्टी नाही काढायची, ‘जास्त कुणाकडे?’ एवढं मनात विचारायचं. त्याला दोन सेकंद लागतात. पण मनात विचारता येईपर्यंत बऱ्याच वेळा कागदावर काढलेलं असावं लागतं, आणि त्याला किती आठवडे द्यायचे हे माझ्याकडूनही कधी एकसारखं ठरलं नाही.

माणदेशी
आमच्या आजीच्या तोंडी ‘पेक्षा’ नसायचं, ‘परीस’ असायचं. ‘तुझ्यापरीस त्याला दोन भाकरी जास्त लागत्यात.’ गावाकडच्या पोरांना ‘सलीमपरीस’ म्हणून सांगितलं तर चालेल काय?

पाटीपेन्सिल
चालेल काय, मी उद्याच म्हणून बघणार आहे. आधी ‘परीस’ने तोंडी, मग ‘पेक्षा’ने फळ्यावर. आणि ‘ने’ राहिलाच की. ‘8 ने भागा’, ‘8 ने गुणा’ हे आत्ता नुकतं झालंय, त्यामुळे ‘8 ने’ दिसलं की दोन-तीन मुलं गुणाकाराकडेच वळतात.

कोयनाकाठ
त्यांना ‘ने’ सोडून बोलू द्या: ‘मीनाकडे आठ चिंचोके जास्त.’ तोंडी आपण तसंच बोलतो. लेखी ‘ने’ नंतर जोडता येतो.

माणदेशी
मग ‘दुपटीने जास्त’चं काय? सलीमकडे 10 आणि मीनाकडे ‘दुपटीने जास्त’, तर मीनाकडे 20 का 30? ‘8 ने जास्त’ म्हणजे वर 8, तर ‘दुपटीने जास्त’ म्हणजे वर 20, मिळून 30 व्हायला हवेत.

रानवारा
20 च. लोक दुप्पट याच अर्थाने म्हणतात.

कोयनाकाठ
बोलण्यात 20, यात शंका नाही. पण माणदेशींचा तर्कही चुकीचा म्हणता येत नाही. इतके दिवस ‘ने’ म्हणजे अंतर असं शिकवून इथे तो अर्थ सोडायचा, हे मुलाला कसं सांगायचं ते मला अजून नीट सुचलेलं नाही. मी उदाहरण घालताना फक्त ‘दुप्पट आहेत’ असं लिहितो आणि ‘दुपटीने जास्त’ टाळतो.

पाटीपेन्सिल
मी तर परवाच्या चाचणीत ‘तिपटीने जास्त’ घातलंय, कागद वाटूनही झाले. तपासताना दोन्ही उत्तरांना गुण देते, आणि कुणी काय धरलं ते एकेकाला बोलावून विचारते.