मदत हवी आहे: बाळ नणंदेच्या पोटी, मग जन्मदाखल्यावर आई कोण?

सायली_क: माझं गर्भाशय काढलं आहे, अंडाशय शाबूत आहेत. बीज माझं आणि नवऱ्याचंच. माझी नणंद (वय ३१, तिला एक मुलगा आहे) बाळ पोटात वाढवायला स्वतःहून तयार झाली. वैद्यकीय मंडळाचा दाखला मिळाला. एक जण सांगतात, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली की झालं. मला भीती वाटते, कारण दवाखान्यात बाळंतीण म्हणून नाव तिचंच लागणार.

दिनेश७१: बाळ झाल्यावर रीतसर दत्तक घ्या. जिच्या पोटी जन्म, तीच कायद्याने आई.

अ‍ॅड_मेधा: दिनेशजी, दत्तक लागत नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्यानुसार बाळ जन्मापासून या जोडप्याचंच जैविक अपत्य मानलं जातं, वारसाहक्कासकट. पण सायली, नोटरीवर अजिबात थांबू नका. तुम्ही दोघं आणि नणंदबाई मिळून प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पालकत्व आणि ताब्याचा आदेश नणंदेच्या गर्भाशयात भ्रूण सोडण्याआधी हातात हवा. बाळ झाल्यावर तोच आदेश जन्माचं शपथपत्र म्हणून चालतो. नणंदेचा ३६ महिन्यांचा विमाही त्याआधीच काढायचा असतो.

गोंधळ होतो तो दवाखान्यात. नोंदणीच्या फॉर्मवर आईचं नाव केसपेपरवरून उचललं जातं. म्हणून प्रसूतीआधीच आदेशाची प्रमाणित प्रत तिथे द्या, आणि फॉर्म निबंधकांकडे जाण्याआधी स्वतः वाचा. आदेश आणि आधारवरचं तुमचं नाव अक्षर न अक्षर जुळतंय ना, तेही पाहा. एकदा चुकीची नोंद झाली की दुरुस्तीला फार फिरावं लागतं.

वैशाली_पी: आमचं बाळ दुसऱ्या बाईच्या बीजापासून झालं, पण वाढलं माझ्या पोटात. मलाही असा आदेश आणावा लागेल का?

अ‍ॅड_मेधा: नाही. तुमची सरोगसी नाही, तिथे दुसरा कायदा लागतो, आणि त्यात बीज देणाऱ्या व्यक्तीचा मुलावर हक्क राहत नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे जुळ्या मुलींचं प्रकरण आलं होतं. मेहुणीने स्त्रीबीज दिलं, म्हणून आई तीच, असं नवऱ्याचं म्हणणं होतं. ते मान्य झालं नाही, आणि बायकोला मुलींना भेटायची परवानगी मिळाली.

सायली_क: मेधाताई, खूप आभार. नणंदेचं मन मध्येच बदललं तर?

अ‍ॅड_मेधा: भ्रूण सोडेपर्यंत ती संमती मागे घेऊ शकते, आणि तो हक्क तिला मनापासून द्या. त्यानंतर गर्भपाताचा निर्णयसुद्धा तिच्या लेखी संमतीशिवाय होत नाही. बाळ तुमचंच, पण शरीर तिचं.

दिनेश७१: आणि दरम्यान नवरा-बायकोच वेगळे झाले तर?

अ‍ॅड_मेधा: पालक तेच दोघं राहतात, नणंद होत नाही. बाळ कोणाकडे राहणार हे कुटुंब न्यायालय बाळाचं हित बघून ठरवतं. ते आज कोणीच सांगू शकत नाही.

सायली_क: नणंदेच्या नवऱ्याची सही अर्जावर लागेल का? त्यांनी अजून नीट होकार दिलेला नाही.