सल्ला हवा: १७ नंबरवाल्यांसाठी भूमितीचं चॅनल, ट्रेलरमध्ये काय बोलू?

रात्रशाळेची_बाई
मी रात्रशाळेत गणित शिकवते. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्यांसाठी यूट्यूब चॅनल काढतेय, सुरुवात गणित भाग २ म्हणजे भूमितीपासून. शाळा मधेच सुटलेली, दिवसभर काम, हातात फक्त मोबाइल, अशी ही मंडळी. ट्रेलरचं स्क्रिप्ट लिहिलंय, वाचायला सव्वादोन मिनिटं लागतात. सुरुवात अशी:

"नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आपल्या चॅनलवर आपलं सहर्ष स्वागत. आजच्या स्पर्धेच्या युगात गणित अत्यंत महत्त्वाचं आहे. आम्ही आपल्यासाठी सोप्या भाषेत दर्जेदार शिक्षण घेऊन येत आहोत..."

पुढे माझं शिक्षण, अनुभव आणि सगळ्या प्रकरणांची यादी. काय कापू?

सागर_नाशिक
एका मिनिटाच्या आत आणा. आणि ट्रेलर चॅनलवर येणाऱ्या प्रत्येकाला दिसतो, तेव्हा दर आठवड्याच्या नव्या व्हिडिओंची माहितीही त्यातच द्या.

एडिटिंगवाला
लांबीचं बरोबर, दुसरं नाही. सबस्क्राइब केलेल्यांना ट्रेलर दिसत नाही. त्यांच्यासाठी वेगळा व्हिडिओ लावता येतो, दोन्ही जागा स्टुडिओत कस्टमायझेशनमध्ये आहेत. म्हणजे ट्रेलर बघणारा बहुतेक वेळा तुम्हाला पहिल्यांदाच बघतोय. आठवड्याच्या बातम्या त्याच्या उपयोगाच्या नाहीत.

बाई, तुमचं स्वागताचं वाक्य पाककृतीच्या चॅनललाही चालेल. आधी गणित दाखवा, मग बोला. मी असं लिहीन:

"दहा मीटरची शिडी भिंतीला लावली, ती आठ मीटरवरच्या खिडकीला टेकली. शिडीचा पाय भिंतीपासून किती लांब? (कागदावर काटकोन त्रिकोण काढा) दहाचा वर्ग शंभर, आठचा चौसष्ट. शंभरातून चौसष्ट गेले, उरले छत्तीस. छत्तीसचं वर्गमूळ सहा. सहा मीटर. झालं, पायथागोरसचं एक गणित सुटलं.
शाळा सुटून वर्षं झाली असतील, १७ नंबरचा फॉर्म भरला असेल, तर हे चॅनल तुमच्यासाठी आहे. एका व्हिडिओत एकाच प्रकारचं गणित, दहा मिनिटांच्या आत. पाठ्यपुस्तकाचं पान कोणतं, ते सुरुवातीलाच सांगेन. वर्ग आणि वर्गमूळ विसरला असाल, तर पहिली यादी तिथूनच सुरू होते."

संथ बोललात तरी हे मिनिटाच्या आसपास बसतं. तुमचं शिक्षण आणि अनुभव चॅनलच्या माहितीत टाका. प्रकरणांची यादी पूर्ण काढून टाका, ती प्लेलिस्टच्या नावांवरूनच कळते.

मनीषा_ठाणे
१७ नंबरच्या फॉर्मची मुदत कधी संपते? माझ्या वहिनीला भरायचाय, आठवीनंतर शाळा सुटली तिची.

रात्रशाळेची_बाई
मनीषाताई, तारखा दरवर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर येतात, तिथेच बघा. जवळच्या संपर्क केंद्र शाळेतही विचारा. शाळा सोडल्याचा दाखला आत्ताच शोधून ठेवा, ऐनवेळी लोक त्यातच अडकतात.

एडिटिंगवाले दादा, शिडीचं गणित मला पटलं. शेवटी "पहिल्याच प्रयत्नात पास व्हाल" असं म्हणू का? मुलं सगळ्यात आधी तेच विचारतात.

एडिटिंगवाला
नको. पास होणं तुमच्या हातात नाही. पान नंबर, दहा मिनिटं, एका व्हिडिओत एक प्रकार हे तुमच्या हातात आहे. त्यातलं काही पाळलं गेलं नाही, तर पहिला व्हिडिओ बघणाऱ्यालाच कळेल, म्हणून जमेल तेवढंच बोला. आठवड्याच्या ठरावीक वाराचा शब्द द्यायच्या आधी दहादा विचार करा. वार चुकला की ट्रेलर पुन्हा शूट करावा लागतो.

सागर_नाशिक
चेहरा मात्र दाखवाच. बाई कोण, हे दिसल्याशिवाय विश्वास बसत नाही.

एडिटिंगवाला
मला इथे कागद आणि हात पुरेसे वाटतात. छोट्या स्क्रीनवर आकृती आणि चेहरा एकत्र ठेवले की आकृतीच बारीक होते. "८ मी." हे अक्षर मोबाइल हातभर लांब धरून वाचता आलं पाहिजे.

सागर_नाशिक
मग शेवटचे पाच सेकंद तरी चेहरा ठेवा. मी यावर ठाम आहे.

रात्रशाळेची_बाई
चेहऱ्याचं माझंही ठरत नाहीये, दोन्ही प्रकारे शूट करते. पण ट्रेलर जमला की नाही, हे कळणार कसं? नव्या चॅनलला व्ह्यूज तरी किती येणार?

एडिटिंगवाला
थोड्या व्ह्यूजवर आलेखातून काही ठरवू नका. तुमच्याच वर्गातल्या तीन-चार जणांना त्यांच्या मोबाइलवर दाखवा आणि एकच विचारा, "हे कोणासाठी आहे?" "दहावीच्या मुलांसाठी" असं उत्तर आलं, तर १७ नंबरचं वाक्य उशिरा येतंय किंवा ऐकूच येत नाहीये. मग ते शिडीच्या आधी घेऊन बघा. "माझ्यासारख्यांसाठी" म्हणाले, तर अपलोड करा.