मदत हवी आहे: तर्री पोह्यांच्या गाडीला नाव सुचवा

दादर पश्चिमेला स्टेशनजवळच्या गल्लीत भाड्याने जागा मिळाली आहे. नागपुरी तर्री पोहे आणि कोथिंबीर भरलेली सांबारवडी, एवढंच विकणार. पोह्यांवर चण्याचा लालभडक रस्सा, वर कच्चा कांदा. सगळं तयार आहे, नावच अडलंय.

'वऱ्हाडी ठसका' ठरत आलं होतं. पण भावाला फूलबाजाराच्या टोकाला उभं करून हाक मारली, तर त्याला नुसतं 'ठस' ऐकू आलं. हाक लांबवता येईल असं छोटं नाव हवं, हे तेव्हा कळलं. 'तर्राट' सगळ्यांना आवडलं, पण सासूबाई म्हणाल्या, लोक ग्लास घेऊन येतील! 'या ना बे' लांबवर छान पोचतं, नागपूरकर खूश होतात. मुंबईकराला मात्र ते उद्धट वाटेल अशी धास्ती आहे.

पाटी चार फुटी, त्यामुळे अक्षरं फार नकोत. सकाळी शाळेची मुलंही येणार, म्हणून द्वयर्थी नको. आडनाव, राजकारण नको. पुढे झुणका-भाकर ठेवायचा विचार आहे, तेव्हा नावात 'पोहे' नको.

मुंबईकरांनो, 'या ना बे' खरंच खटकतं का? खटकत असेल तर दोन-तीन अक्षरी, हसू येईल असं दुसरं काय हाकारता येईल?