रंग दोन वर्षं आधीच ठरतो, मग अंदाज कसला?

गांधीनगर_होलसेल: फॅशनचे अंदाज विकणाऱ्या डब्ल्यूजीएसएननं २०२४ चा रंग म्हणून 'अ‍ॅप्रिकॉट क्रश' २०२२ मध्येच जाहीर केला. डिसेंबर २०२३ मध्ये रंगांची सूची काढणाऱ्या पँटोन कंपनीनं त्याच वर्षासाठी 'पीच फझ' काढला. म्हणजे दोघांचाही पीचच! याला अंदाज म्हणायचं की संगनमत? माझ्या मते रंग तेच ठरवतात, आम्ही फक्त माल भरतो.

मंगळवारपेठकर: संगनमतच, राव. पँटोन डिसेंबरात सांगतं आणि सगळ्या गिरण्या तोच रंग काढतात.

इचलकरंजी_प्रोसेस: डिसेंबरात ऐकून उन्हाळ्याचा माल उभा राहत नाही, भावा. मोठ्या ब्रँडांचा रंग दोनेक वर्षं आधी बघितला जातो, कारण सूत रंगवायचं ते आधी. कापड साधारण वर्षभर आधी पॅरिसच्या प्रीमिएर व्हिजनसारख्या प्रदर्शनात दिसतं. कपड्याचा घेर, खांदा, लांबी हे सगळ्यात शेवटी ठरतं, कात्रीच शेवटी चालते ना! पँटोनची घोषणा येते तोवर ऑर्डरी गेलेल्या असतात. शिवाय नुसत्या नावावर कुणी रंगवत नाही. कोलोरो या रंग मोजायच्या पद्धतीत अ‍ॅप्रिकॉट क्रशचा कोड 024-65-27 आहे. पहिला आकडा १६० छटांच्या चक्रातली जागा सांगतो, दुसरा उजळपणा, तिसरा रंगाचा जोर. जोर २७, म्हणजे भडक नारिंगी नव्हे.

राजारामपुरी_बुटीक: कोड कसला घेऊन बसलाय? मी पीच सॅटिन घेतलं. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली झकास, उन्हात नेलं तर फिकं. लगीनसराई संपली तरी ताका पडून.

इचलकरंजी_प्रोसेस: ताई, तो दोष अंदाजाचा नाही. लॅब डिपचा, म्हणजे आधी रंगवून दाखवलेल्या नमुन्याचा तुकडा ट्यूबलाइटखाली आणि उन्हात, दोन्हीकडे बघायचा. आणि सुतीवर जुळवलेली छटा सॅटिनवर चकाकीमुळे वेगळीच दिसते.

शाहूपुरीची_सून: मग दिवाळीला लेकीसाठी कुठल्या रंगाचा ड्रेस घेऊ?

मंगळवारपेठकर: वहिनी, तिलाच विचारा की!

पंचगंगाकाठ: संगनमत असतं तर बेनेटननं स्वेटर आधी विणून रंग शेवटी द्यायची पद्धत का काढली? अंदाज चुकतो हे त्यांना ठाऊक होतं. विक्री बघायची, मग रंगवायचं. आपल्याकडेही ग्रे, म्हणजे न रंगवलेलं कापड राखून ठेवता येतं.

इचलकरंजी_प्रोसेस: प्लेन मालात जमेल. चौकडीच्या शर्टिंगला सूत आधीच रंगवावं लागतं, तिथं अंदाजावरच विसंबायचं.

गांधीनगर_होलसेल: ग्रे ठेवायचं पटलं. पण संगनमताचा मुद्दा मी सोडत नाही. दोघांचे अहवाल तेच ब्रँड वाचतात, तोच रंग मागवतात, दुकानात मग तोच दिसतो. गिऱ्हाइकानं दुसरा मागितला असता का, हे कळणार कसं?

पंचगंगाकाठ: न विकलेल्या ताक्यांवरून! बुटीकवाल्या ताईंना विचारा.

राजारामपुरी_बुटीक: माझा ताका दिव्यामुळं पडून आहे म्हणालात ना आत्ताच? आधी दोघं एकमत करा.