पाच ग्रुपचा रोस्टर: रात्रपाळीनंतर दोन सुट्ट्या कशा बसवू?

कुपवाड एमआयडीसीत भट्टीवर आहे. भट्टी बंद होत नाही. परवापर्यंत चार ग्रुप होते, आता पाच. पाळी आठ तासांची, आठवड्याला २१ पाळ्या. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी ४.२ पाळ्या, ३३.६ तास. चक्र कितीही दिवसांचं केलं तरी हा आकडा हलत नाही. मॅनेजमेंटला मात्र ४८ तास हवेत, उरलेले रिलीव्हर म्हणून.

आधी दहा दिवसांचं चक्र लावून पाहिलं. सहा पाळ्या आणि दोन रिलीव्हर धरले तर ४४.८ तास होतात, तीन धरले तर थेट ५०.४. मधला ४८ येतच नाही. शिवाय सुट्टीचा वार दर खेपेला सरकतो.

३५ दिवसांत गणित चोख बसतं: २१ पाळ्या, ९ रिलीव्हर, ५ सुट्ट्या. मी असं मांडलंय: ७ पहिली, सुट्टी, ७ दुसरी, सुट्टी, ७ रात्र, सुट्टी, ५ रिलीव्हर, सुट्टी, ४ रिलीव्हर, सुट्टी.

अडचण रात्रपाळीनंतरची. सकाळी सातला सुटायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला रिलीव्हरला हजर. कागदावर चोवीस तासांची सुट्टी, पण ती झोपेतच जाते. तिथे दोन सुट्ट्या दिल्या, की दुसरीकडे सलग नऊ किंवा अकरा दिवस काम येतं.

बारा तासांची पाळी नको, माणसं वाढणार नाहीत. सात रात्री तोडून दोन-तीनच्या तुकड्यांत वाटल्या, तर याच ३५ दिवसांत हे सुटेल का? कुणाकडे चालू असलेला तक्ता आहे का?