अनुभव धागा: घटकवार ठरवलेले तास आणि प्रत्यक्ष लागलेले तास यांचा ताळा तुम्ही कसा वाचता?

सदाशिवपेठी (धागाकर्ता):

राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून मी अभ्यासाच्या तासांची नोंद एका गूगल शीटमध्ये ठेवतो आहे. शीटला दोन टॅब आहेत. ‘आराखडा’ या टॅबमध्ये घटकाचे नाव आणि त्यासाठी ठरवलेले तास आहेत, तर ‘नोंद’ या टॅबमध्ये तारीख, घटक, सुरुवात, शेवट आणि तास असे रकाने आहेत. अभ्यासिकेतून निघण्यापूर्वी मी त्या दिवसाच्या ओळी भरतो आणि आराखड्यातील ‘प्रत्यक्ष’ हा रकाना पुढील सूत्राने आपोआप भरला जातो.

```
=SUMIFS('नोंद'!E:E,'नोंद'!B:B,A2)
```

माझा प्रश्न सूत्राचा नाही, आकडे वाचण्याचा आहे. अर्थव्यवस्थेसाठी मी 40 तास ठरवले होते आणि आतापर्यंत 31 तास झाले आहेत. शीटच्या मते माझ्या हातात 9 तास शिल्लक आहेत आणि ती ओळ हिरवी दिसते. प्रत्यक्षात राष्ट्रीय उत्पन्न, चलनवाढ, दारिद्र्य व बेरोजगारी, कृषी आणि उद्योग एवढेच उपघटक झाले असून बँकिंग, सार्वजनिक वित्त आणि परकीय व्यापार यांना मी हातही लावलेला नाही. घटक अर्धवट असताना हा फरक कसा वाचावा, याविषयी ज्यांनी अशी शीट काही काळ चालवली आहे त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

कोथरूडचे काका:

मी बांधकाम प्रकल्पांच्या वेळापत्रकांवर नोकरी केली आणि आता पुतण्याच्या अभ्यासाची शीट पाहतो. आपण विचारलेली अडचण आमच्या कामात रोजची होती. ठरवलेले तास आणि झालेले तास यांची वजाबाकी फक्त पूर्ण झालेल्या घटकाबाबत काही सांगते. चालू घटकाबाबत ती तुम्ही किती वेळ बसलात एवढेच दाखवते, काम किती उरले हे दाखवत नाही. त्यासाठी ‘उरलेले तास’ असा तिसरा रकाना हवा आणि तो हातानेच भरायला हवा. तेथे ‘ठरवलेले वजा प्रत्यक्ष’ असे सूत्र घातले, तर बेरीज कायम 40 च येईल आणि शीट तुम्हाला कधीच इशारा देणार नाही.

आपलेच उदाहरण घेऊ. उरलेल्या तीन उपघटकांची अनुक्रमणिका समोर ठेवून, ठरवलेल्या तासांच्या रकान्याकडे न पाहता, आजच्या अनुभवावरून अंदाज करा. समजा बँकिंगला 9, सार्वजनिक वित्ताला 8 आणि व्यापाराला 5 असे 22 तास आले, तर घटक संपेपर्यंत 31 अधिक 22, म्हणजे 53 तास लागतील. हिरवी ओळ वस्तुतः 13 तासांनी तुटीत आहे.

हा अंदाज दुसऱ्या बाजूनेही तपासता येतो. झालेल्या पाच उपघटकांसाठी मूळ आराखड्यात किती तास होते, ते कृपया सांगा.

सदाशिवपेठी:

काका, त्या पाच उपघटकांसाठी 22 तास होते आणि उरलेल्या तिघांसाठी 18.

कोथरूडचे काका:

म्हणजे 22 तासांच्या कामाला 31 लागले, गुणोत्तर साधारण 1.4 आले. त्याच गतीने उरलेल्या 18 तासांचे सुमारे 25 होतात आणि एकूण 56. हाताने केलेला अंदाज 53 सांगतो, गती 56 सांगते. यातील खरा आकडा कोणता, यावर वाद घालण्याऐवजी आपला हाताचा अंदाज गतीपेक्षा कमी का आला, हे शोधावे. परकीय व्यापार पूर्वी कधी वाचलेला असल्यामुळे तो कमी आला असेल, तर 53 वर विश्वास ठेवण्यास हरकत नाही. ‘आता जोमाने करीन’ एवढेच कारण असेल, तर 56 धरावेत.

आणखी एक गोष्ट अशी की, मूळ 40 हा आकडा कोणत्याही परिस्थितीत बदलू नये. तो रकाना संरक्षित करून ठेवा आणि सुधारित अंदाज शेजारी लिहा. पुतण्या दर रविवारी मूळ आकडाच वाढवीत असे, त्यामुळे महिन्याच्या शेवटी प्रत्येक घटक अगदी वेळेत झालेला दिसे.

बिबवेवाडी_सीए:

मी सीए इंटरच्या पहिल्या ग्रुपची तयारी करते आहे. माझ्या शीटमध्ये फरक कोठून येतो, हे समजायला बराच काळ लागला, म्हणून तेवढेच लिहिते. करआकारणीच्या पेपरमधील प्राप्तिकराची रेकॉर्डेड लेक्चर्स 90 तासांची होती. ती मी दीडपट वेगाने पाहणार असल्यामुळे आराखड्यात 60 तास लिहिले आणि प्रत्यक्षात 84 लागले. प्रथमदर्शनी माझा वेग कमी पडला असे वाटत होते. मग मी नोंदीत ‘प्रकार’ असा रकाना वाढवला आणि त्यात लेक्चर, उदाहरणे आणि उजळणी असे तीनच पर्याय ठेवले. तेव्हा दिसले की शुद्ध लेक्चरला 63 तासच लागले होते. उरलेले 21 तास लेक्चर थांबवून उदाहरणे सोडवण्यात गेले होते आणि त्यांना आराखड्यात जागाच नव्हती. अशा वेळी घटकाचे तास सरसकट वाढवण्यापेक्षा उदाहरणांची स्वतंत्र ओळ करणे मला अधिक योग्य वाटले, कारण पुढच्या पेपरमध्ये उदाहरणांचे प्रमाण वेगळे असते. कायद्याच्या पेपरला हे 21 तास जोडले असते, तर तो अंदाज विनाकारण फुगला असता.

हिंजवडीकर:

मी नोकरी सांभाळून गेटचा अभ्यास करतो. माझ्याकडे एवढे प्रकार नाहीत. सर्व पूर्ण घटकांसमोर ‘प्रत्यक्ष भागिले ठरवलेले’ असे गुणोत्तर काढले, त्यावर AVERAGE लावले आणि उत्तर जवळजवळ 2 आले. त्यामुळे उरलेल्या सर्व घटकांचे तास मी दुप्पट केले आहेत. एकच गुणक सगळीकडे लावला की गणित सोपे राहते आणि आराखडा वास्तवाला धरून होतो, असा माझा अनुभव आहे.

गणिताच्या ताई, नवी पेठ:

हिंजवडीकर, झालेल्या घटकांच्या अनुभवावरून पुढचे तास सुधारण्याची आपली दिशा बरोबर आहे, पण गुणोत्तरांची सरासरी घेतल्यामुळे आकडा फसवा झाला असण्याची शक्यता आहे. एका लहान घटकाला 2 तास ठरवले आणि 6 लागले, तर गुणोत्तर 3 येते. एका मोठ्या घटकाला 60 ठरवले आणि 66 लागले, तर 1.1 येते. दोघांची सरासरी 2.05 होते, पण एकूण 62 तासांच्या कामाला 72 तास लागले आहेत, म्हणजे खरे प्रमाण 1.16 आहे. लहान घटकातील चार तासांची चूक मोठ्या घटकाच्या डोक्यावर बसते. म्हणून आधी बेरीज करावी आणि मग भागावे. ‘झाला’ असे लिहिलेल्या ओळींपुरते हे सूत्र चालेल.

```
=SUMIFS(C:C,F:F,"झाला")/SUMIFS(B:B,F:F,"झाला")
```

येथे B म्हणजे ठरवलेले तास, C म्हणजे प्रत्यक्ष आणि F म्हणजे स्थिती. ‘झाला’ कधी लिहायचे, हे मात्र आधी ठरवून ठेवावे. माझे विद्यार्थी मागील वर्षांच्या प्रश्नांचा एक संच सोडवल्याशिवाय ते लिहीत नाहीत, कारण केवळ वाचून संपलेला घटक पुढे पुन्हा तास मागतो आणि तोवर त्याचे गुणोत्तर हिशोबात जाऊन बसलेले असते.

हिंजवडीकर:

ताई, बेरीज करून पाहिले, 1.3 आले. दोन-दोन तासांच्या तीन घटकांनी सरासरी वर नेली होती. दुप्पट केलेले तास आता मागे घेतो. मात्र गणिताचे घटक आणि विद्युत यंत्रांचे घटक वेगळे काढले, तर पहिल्यांचे 1.1 आणि दुसऱ्यांचे 1.6 येते. एकच गुणक ठेवावा की दोन, हे अद्याप ठरत नाही, कारण यंत्रांचे पूर्ण झालेले घटक दोनच आहेत.

सिंहगड रोडची आई:

माझी मुलगी बारावीत आहे आणि सीईटीची तयारी करते. आम्ही भिंतीवर रोज दहा तासांचे उद्दिष्ट लिहिले आहे आणि ती बहुतेक दिवस ते पूर्ण करते. या शीटमध्ये दिवसाचे तास कोठे लिहायचे आणि दहा तास पुरेसे आहेत का, हे कृपया कोणी सांगाल का?

गणिताच्या ताई, नवी पेठ:

ताई, येथे दिवसाच्या तासांचा नव्हे, तर प्रत्येक घटकाला लागलेल्या तासांचा विचार चालला आहे. दिवसाचे दहा तास भरूनही सेंद्रिय रसायनशास्त्र तेथेच राहू शकते, कारण आवडत्या घटकाला तास सहज दिले जातात. नोंदीत प्रत्येक बैठकीसमोर घटकाचे नाव तेवढे लिहायला सांगा. महिनाभराने कोणत्या घटकासमोर जवळजवळ काहीच तास नाहीत हे आपोआप दिसेल आणि दहा तास पुरेसे आहेत का, याचे उत्तर उरलेल्या घटकांवरून काढता येईल.

रात्रपाळी:

माझा अभ्यास रात्री अकरा ते दोन असा चालतो. शेवटातून सुरुवात वजा केली की उत्तर उणे येत असे आणि घटकाची बेरीज गुपचूप कमी होत असे. मध्यरात्र ओलांडणाऱ्या बैठकीसाठी हे सूत्र वापरावे. ते तास दशांशात देते, म्हणून त्या रकान्याचे स्वरूप साधी संख्या असे ठेवावे.

```
=MOD(D2-C2,1)*24
```

हातानेच तास लिहिणाऱ्यांनी दीड तास 1.5 असा लिहावा. 1.30 लिहिल्यास शीट तो 1 तास 18 मिनिटे धरते. तसेच घटकाचे नाव टाइप न करता ड्रॉपडाउनमधून निवडावे, कारण नावात किंचितही फरक झाला तर SUMIFS ती ओळ मोजत नाही आणि त्याची सूचनाही देत नाही. दोन्ही टॅबमधील तासांची एकूण बेरीज सारखी येते का, हे आठवड्यातून एकदा पाहिले की अशी सुटलेली ओळ सापडते.

सदाशिवपेठी:

सर्वांचे आभार. काका, आपण सांगितल्याप्रमाणे प्रत्येक चालू घटकासमोर उरलेले तास भरले. अर्थव्यवस्थेसाठी 56 धरले, कारण माझा हाताचा अंदाज कमी येण्यामागे सांगण्यासारखे कारण नव्हते. वाढलेले 16 तास कोठून आणायचे हे पाहताना लक्षात आले की भूगोलाची ओळ 1.0 च्या जवळ आहे आणि तेथून काही काढता येणार नाही. त्यामुळे निबंधाच्या सरावातील 6 तास कमी केले आणि उरलेले 10 तास वैकल्पिक विषयाच्या दुसऱ्या वाचनातून घेतले.

एक मुद्दा मात्र सुटत नाही. उत्तरलेखनाचे तास घटकात धरावेत की वेगळे? वेगळे धरले तर घटकाचे गुणोत्तर स्वच्छ राहते, पण एका उत्तरात अर्थव्यवस्था आणि राज्यव्यवस्था दोन्ही येतात.

बिबवेवाडी_सीए:

मी उजळणी आणि सराव दोन्ही वेगळेच ठेवते. घटकात मिसळले, तर पूर्ण झालेला घटक परीक्षेपर्यंत तास खात राहतो आणि त्याचे गुणोत्तर दर आठवड्याला बदलते.

कोथरूडचे काका:

येथे माझे मत थोडे वेगळे आहे. सराव पूर्णपणे बाहेर काढला, तर आराखड्यात तो कोणत्याच घटकाचा राहत नाही आणि तास कमी पडू लागले की सर्वप्रथम त्याच्यावर कात्री चालते. आपण आत्ताच निबंधाचे 6 तास काढले, ते असेच. मी पुतण्याला ‘उत्तरलेखन’ हा स्वतंत्र घटक करून त्यालाही ठरवलेले तास द्यायला सांगितले आहे. दोन विषयांच्या उत्तराचे तास कसे वाटायचे, याची पद्धत आम्हालाही अजून सापडलेली नाही. तो सध्या संपूर्ण वेळ ज्या विषयाच्या पेपरमध्ये प्रश्न आला, त्याच विषयासमोर लिहितो.