चर्चा: ट्रॅकरमधले मर्ज आणि कोऱ्या ओळी, सहकाऱ्याला कसं सांगावं?

प्रश्न (सांगली): हळदीच्या आवकेची गुगल शीट आम्ही पाचजण भरतो. एक ज्येष्ठ सहकारी व्यापाऱ्याचं नाव चार ओळींत मर्ज करतात आणि दोन व्यापाऱ्यांमध्ये कोरी ओळ सोडतात. त्यांचा मान राखून काय लिहू?

हिशेबनीस: नियम सांगू नका, चुकलेला आकडा दाखवा. मर्ज केल्यावर नाव फक्त वरच्या A2 मध्ये उरतं, A3 ते A5 रिकामेच. पोती 40, 25, 30, 15 असतील तर खालचं सूत्र 110 ऐवजी 40 देतं. एरर येत नाही, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

```
=SUMIF(A2:A200,F1,D2:D200)
```

मी असं लिहीन: “दादा, तुमची शीट वाचायला सोपी असते. फक्त नाव मर्ज केलं की बेरजेत पहिलाच लॉट धरला जातो, काल 70 पोती कमी दिसली. प्रत्येक ओळीत नाव लिहाल का? कोऱ्या ओळीऐवजी खाली जाड रेघ मारू. जुन्या ओळी मी नीट करतो.”

गुळाचा अडत्या: सहमत नाही. मालक प्रिंट बघतात. एकच नाव चारदा छापलं की डोळा अडखळतो. दादांचं चुकलं कुठं?

मिरजकर: मेसेज कशाला? शीट प्रोटेक्ट करा, मर्ज बंदच होईल.

हिशेबनीस: मिरजकर, ते एक्सेलमध्ये. तिथं भरायचे सेल अनलॉक ठेवून शीट प्रोटेक्ट केली की मर्ज होत नाही. गुगल शीटमध्ये रकाना प्रोटेक्ट केला तर दादांना नावही लिहिता येणार नाही.

प्रिंटचा मुद्दा रास्त आहे. त्यासाठी A2 पासून कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये हे सूत्र द्या आणि अक्षरांचा रंग पांढरा ठेवा. पुन्हा आलेलं नाव दिसत नाही, पण सेलमध्ये असतं.

```
=AND($A2<>"",$A2=$A1)
```

कराडची: आमच्या हजेरीपटात वर शीर्षक आडवं मर्ज आहे. तेही काढू का?

हिशेबनीस: ते रकान्यांच्या नावांच्या वर असेल आणि फिल्टरच्या कक्षेत येत नसेल तर राहू द्या. त्रास उभ्या मर्जचा. तो असला की गुगल शीट सॉर्टच करू देत नाही. कोरी ओळ वेगळीच गंमत करते: एका सेलवर उभं राहून फिल्टर लावला तर तो तिथंच थांबतो, खालचे व्यापारी बाहेर राहतात. आणि सॉर्ट केलं की कोऱ्या ओळी तळाला जातात, म्हणजे सोडलेली जागाही टिकत नाही.

गुळाचा अडत्या: पांढऱ्या अक्षरांची युक्ती पटली. पण पान बदललं की दुसऱ्या पानाच्या पहिल्या ओळीवर नाव दिसणारच नाही. मालक विचारतील, हे लॉट कुणाचे?

हिशेबनीस: बरोबर. मग पांढऱ्याऐवजी फिकट करडा रंग द्या. तरीही मी मालकांना प्रिंटमध्ये नेमकं काय लागतं ते आधी विचारेन.

मिरजकर: आणि दादा तरीही ऐकले नाहीत तर?